डावं फुप्फुस कोणाचं? : अर्धवेळ नर्सिंग तुकडीसाठी बनवलेला बावीस मिनिटांचा ऑनलाइन पाठ

आमच्या रविवारच्या तुकडीत ३१ जणी आहेत. कुणी मिरजेत रात्रपाळी करून तशीच वर्गात येते, कुणी तासगावहून पहिल्या एसटीनं, कुणी जतहून आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्कामाला येऊन राहते. मी सांगलीत त्यांना शरीररचना शिकवते. श्वसनसंस्थेला वेळापत्रकात दोनच तासिका होत्या. ८ जून २०२५ च्या रविवारी पहिली संपली आणि उपप्राचार्या मॅडमनी बोलावून सांगितलं, "उरलेलं मोबाइलवर घरी करता येईल असं काहीतरी तयार करा. मधे मधे प्रश्न टाका. ऑगस्टअखेर हवं." मी "हो मॅडम" म्हणून बाहेर पडले आणि जिन्यातच थांबले. मला ऑनलाइन फॉर्म भरता येत होता, बनवायची वेळ कधी आली नव्हती.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते लिहून ठेवतेय. असंच काम गळ्यात पडलेली एखादी ट्यूटर वाचेल, तिचे दोनतीन रविवार तरी वाचतील.

पहिला अर्ज मी १० जूनला दिला. १७ जूनला तो तीन शेऱ्यांसह परत आला. स्वयंअध्ययनाला किती वेळ लागेल, याचा हिशेब नाही. चित्रं कुठली वापरणार आणि ती वापरायची परवानगी आहे का, याचा उल्लेख नाही. हा वेळ हजेरीत धरायचा की नाही, तेही लिहिलेलं नाही. पहिले दोन शेरे रास्त होते. तिसऱ्यावर मात्र स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी ठरलं, की हजेरी नाही आणि गुणही नाहीत, पाठ ऐच्छिक. तेव्हा मी हिरमुसले होते. पुढे कळलं की हा निर्णय माझ्या फायद्याचाच होता. गुण असते तर पहिल्याच संध्याकाळी उत्तरं ग्रुपवर फिरली असती आणि कोण कुठे चुकतंय ते मला कधीच दिसलं नसतं. दुरुस्त अर्ज २७ जूनला मंजूर झाला. हे तीन मुद्दे आधीच लिहून दिले असते तर सतरा दिवस गेले नसते.

मधल्या काळात मी काय केलं, तर एक व्हिडिओ. कॉलर माइक ४९९ रुपयांना आणला, फळ्यासमोर उभी राहिले आणि नाकपुडीपासून वायुकोशापर्यंत चौदा मिनिटं बोलले. दोघीतिघींना पाठवून बघितला. एकीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, रात्री दोनला जरा निवांत असते तेव्हा लावला. चार मिनिटांनी बेल वाजली. परत आले तर कुठं होते तेच आठवेना." चौदा मिनिटं सलग बसता येणं ही दिवसाच्या कॉलेजची चैन आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माइक अजून कपाटात आहे.

मग मी उलट बाजूनं विचार केला. बेल वाजली तरी तुटणार नाहीत असे तुकडे करायचे, तर एका तुकड्यात एकच गोष्ट बसेल. आणि सगळी श्वसनसंस्था तर कुठल्याच हिशेबात बसत नव्हती. वहीत विषय लिहून एकेक खोडत गेले. नाकाच्या आतली रचना वर्गात झाली होती. वायूंची देवाणघेवाण फळ्यावरच नीट समजते. श्वासपटल आणि बरगड्यांच्या हालचाली दुसऱ्या तासिकेत घेता येणार होत्या. शेवटी उरला एक रस्ता : घशातून खाली गेलेली वस्तू, मग ती नळी असो, घास असो की ओकारी, नेमकी कुठे जाऊन थांबते? या बायकांना वॉर्डात रोज ज्याच्याशी गाठ पडते ती रचना हीच. स्वरयंत्र, ट्रॅकिया म्हणजे श्वासनलिका, तिचा दुभंग म्हणजे करायना, दोन मुख्य ब्रॉंकस म्हणजे श्वसनी आणि पुढे फुप्फुसांचे खंड. बाकी काही नाही.

उद्दिष्टं लिहिताना "विद्यार्थिनीस रचना समजेल" असलं लिहायची सवय हाताला आहे. या वेळी ठरवलं की पाठ संपल्यावर ती काय करू शकेल तेवढंच लिहायचं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून करायना साधारण कुठे आहे ते दाखवेल. श्वासनलिकेत घातलेली नळी जास्त आत गेली तर छातीच्या कोणत्या बाजूचा श्वासाचा आवाज बंद होईल ते सांगेल. आडव्या पेशंटला भरवताना ठसका लागला तर घास फुप्फुसाच्या कोणत्या भागात जाईल ते सांगेल. तीन उद्दिष्टं, तीन तुकडे, प्रत्येकी सातेक मिनिटं.

पहिला तुकडा सगळ्यात सोपा निघाला, कारण त्यात वाचण्यापेक्षा करायचं जास्त होतं. गळ्याच्या खड्ड्यापासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली सरकवा. एक आडवा उंचवटा लागेल. साधारण त्याच पातळीवर, आतल्या बाजूला, श्वासनलिका दुभंगते. श्वासनलिका फार मोठी नाही, दहा ते बारा सेंटिमीटर. कूर्चेची सोळा ते वीस कडी तिला उघडी ठेवतात, पण ही कडी पूर्ण गोल नसतात. मागून ती उघडी असतात आणि तिथंच मागे अन्ननलिका असते. हे सगळं बोट छातीवर असतानाच वाचायचं. वाचून झालं की प्रश्न.

चित्रांवरून मात्र खूप फिरावं लागलं. पाठ्यपुस्तकातलं चित्र फोटो काढून टाकणं सगळे करतात. मी अर्जात "स्वतः काढलेली चित्रे" असं लिहून दिलं होतं, त्यामुळे तो रस्ता बंद होता. ड्रॉइंग शीट आणि पेनं मिळून २४० रुपये झाले. चित्र बरं आलं, पण सपाट. मला खऱ्या श्वासनलिकेचा तो लवचीकपणा, ती पांढरी कडी दाखवायची होती. मग एका सकाळी मटणाच्या दुकानातून श्वासनलिकेसकट बकऱ्याची फुप्फुसं आणली, शंभर रुपयांना. दुकानदार दादा म्हणाले, "ताई, नळी कशाला ठेवायची, काढून देतो की." नळीसाठीच आलेय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. घरी परातीत मांडून खिडकीच्या उजेडात फोटो काढले. फोटो सुरेख आले. मी खूश.

६ जुलैला आषाढी एकादशी होती, वर्गात जेमतेम नऊ जणी. त्यांतल्या पाच जणींना कच्चा पाठ दाखवला. कवठे महांकाळची एक जण फोटो मोठा करून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही दोन फांद्या म्हणता. इथं वर अजून एक फुटलीय." मी बघितलं. खरंच होती. दुभंगाच्या बरीच वर, उजव्या बाजूला, श्वासनलिकेतूनच एक बारकी नळी निघून वरच्या खंडात शिरत होती. मला आधी वाटलं, दादांच्या सुरीनं काहीतरी झालं असेल. घरी येऊन पुस्तकं उघडली तेव्हा समजलं, की शेळ्या-मेंढ्या, गायी-म्हशी आणि डुकरं यांच्यात उजव्या वरच्या खंडाची श्वसनी दुभंगाआधीच थेट श्वासनलिकेतून निघते. माणसात असं क्वचित एखाद्यातच आढळतं. म्हणजे माझा तो सुरेख फोटो नेमकी तीच गोष्ट चुकीची शिकवत होता, जिच्यासाठी पाठ लिहिला होता. दुभंगाचा फोटो काढून टाकला. फक्त श्वासनलिकेचा तुकडा ठेवला, मागची उघडी बाजू दाखवणारा, कारण ती रचना दोघांत सारखी आहे. वर्गात फुप्फुसं हातात देणार असाल तर ती तिसरी नळी आधी शोधून ठेवा. कुणाला तरी दिसतेच.

आता फॉर्मबद्दल. कॉलेजच्या संगणकावर H5P हे ऑनलाइन पाठ बनवायचं साधन वापरून नावांच्या पट्ट्या ओढून चित्रावर ठेवायचा प्रकार मी करून बघितला होता. संगणकावर छान दिसला. फोनवर चित्र तळहाताएवढं झालं आणि पट्ट्या एकमेकींवर चढल्या. "बरोबर जागी ठेवते तरी लाल येतंय," अशी तक्रार आली, तेव्हा सोडून दिला. मग साधा गूगल फॉर्म घेतला. फुकट, आणि बहुतेकींनी कधी ना कधी भरलेला.

फॉर्ममध्ये क्विझ करायची सोय आहे, चुकीच्या उत्तराला खुलासाही लिहिता येतो. अडचण अशी, की तो खुलासा सगळा फॉर्म पाठवल्यावर दिसतो. मला तो उत्तर दिल्याबरोबर हवा होता, नाहीतर पहिल्या प्रश्नातला गैरसमज घेऊन ती सातव्यापर्यंत जाणार. यावर उपाय असा : प्रत्येक प्रश्न वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवायचा, प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत Go to section based on answer चालू करायचं, आणि प्रत्येक पर्यायापुढे तो कुठे नेईल ते निवडायचं. बरोबर उत्तर पुढच्या तुकड्यात नेतं, चुकीचं त्या-त्या चुकीच्या खुलाशाकडे. सात प्रश्नांचे बघता बघता बत्तीस सेक्शन झाले. स्क्रीनवर त्यांचा नकाशा दिसत नाही, म्हणून मी आधी कागदावर चौकोन आणि बाण काढले. त्या कागदाशिवाय हे काम करू नये. प्रत्येक सेक्शनच्या तळाशी After section असा वेगळा पर्याय असतो आणि तो मुळात पुढच्या सेक्शनवर लावलेला असतो. तो बदलायचा राहिला तर एका चुकीचा खुलासा वाचून झाल्यावर मुलगी दुसऱ्या चुकीच्या खुलाशात जाऊन पडते. माझं हे चार ठिकाणी राहिलं होतं.

याहून मोठी चूक मात्र सुरुवातीला दिसलीच नाही. खुलासा वाचून झाल्यावर मी मुलीला परत त्याच प्रश्नाकडे पाठवत होते, म्हणजे ती आता बरोबर उत्तर देईल आणि पुढे जाईल. शिकवण्याच्या दृष्टीनं योग्यच. पाच जणींनी फॉर्म भरला, मी उत्तरांचा तक्ता उघडला, तर सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर. पाचपैकी दोघी तर माझ्यासमोर चुकल्या होत्या! एका प्रश्नाला फॉर्म एकच उत्तर साठवतो. परत येऊन उत्तर बदललं की पहिलं पुसलं जातं. म्हणजे मला ज्या चुका बघायच्या होत्या त्याच माझी रचना पुसून टाकत होती. मग परत पाठवणं बंद केलं. खुलाशानंतर त्याच अर्थाचा, पण वेगळ्या प्रसंगाचा दुसरा प्रश्न ठेवला. पहिलं उत्तर जागेवर राहिलं, दुसऱ्यावरून खुलासा पोचला की नाही ते कळलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं पहिल्याच खेपेला बरोबर दिसत असतील तर खूश होण्याआधी ही वाट तपासून बघा.

एक बारीक गोष्ट. ई-मेलवरून कोण कोण ते ओळखायला गेले तर निम्म्या जणी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्यातून आल्या होत्या. म्हणून नाव आणि मेल काढून फक्त हजेरी क्रमांक विचारला आणि Response validation मध्ये १ ते ३१ एवढेच आकडे चालतील असं केलं. त्याआधी एकीनं तिथं फोन नंबर लिहिला होता.

२० जुलैला लिंक सगळ्यांना दिली. आठ दिवसांची मुदत, भरपूर पाऊस, आणि ३१ च्या ३१ जणींनी पाठ पूर्ण केला. सरासरी चांगली होती. चौथा प्रश्न सोडून.

चौथा प्रश्न दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी होता. आधीच्या मजकुरात सांगितलं होतं, की उजवी मुख्य श्वसनी आखूड, रुंद आणि जास्त उभी असते, लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. डावी जवळपास दुप्पट लांब, अरुंद आणि आडवी वळणारी, कारण तिला महाधमनीच्या कमानीखालून हृदयाच्या बाजूनं फुप्फुसापर्यंत जायचं असतं. म्हणून वरून आलेली वस्तू सरळ उजवीकडे घसरते. सोबत मी काढलेलं चित्र होतं. मग प्रश्न असा : एका बाईच्या श्वासनलिकेत घातलेली नळी दातांशी २१ सेंटिमीटरवर बांधली होती. पेशंटला कूस बदलून दिल्यावर बघितलं तर खूण २६ वर गेली होती. स्टेथोस्कोप लावल्यावर छातीच्या कोणत्या बाजूचा आवाज कमी किंवा बंद झालेला असेल? उजव्या, डाव्या, दोन्ही, की दोन्हीकडचा ठीक आणि पोटावर गुडगुड?

उत्तर डावी. नळी उजव्या श्वसनीत उतरली की हवा फक्त उजव्या फुप्फुसात जाते. ३१ पैकी ११ जणींनी डावी लिहिलं. १७ जणींनी उजवी. दोघींनी दोन्ही, एकीनं पोट.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच, "एवढं लिहून दिलं तरी वाचत नाहीत." खुलासा आणखी लांब करायला बसलेसुद्धा. तेवढ्यात बी.एड. केलेल्या माझ्या बहिणीनं विचारलं, "चुकल्या त्या कोण? कच्च्या की हुशार?" मी बघितलं नव्हतं. पूर्ण पाठाच्या गुणांवरून सगळ्यात वरच्या आठ आणि सगळ्यात खालच्या आठ वेगळ्या काढल्या. तुकडीचा साधारण २७ टक्के हिस्सा दोन्ही टोकांना घ्यायची रीत आहे आणि ३१ जणींत तो आठ होतो. वरच्या आठांपैकी तिघींचं उत्तर बरोबर, खालच्या आठांपैकीही तिघींचंच. प्रश्न नुसता अवघड असता तर वरच्या जणींना तरी जास्त आला असता. जिथं हुशार आणि कच्च्या सारख्याच चुकतात तिथं अभ्यासाला दोष देता येत नाही. प्रश्न, नाहीतर त्याच्या आधीचं काहीतरी बिघडलेलं असतं.

मी तिघींना फोन केला, मुद्दाम वरच्या गटातल्या. कारण विचारताना "चूक का केलीस" असं विचारायचं नाही, "कसं ठरवलंस" असं विचारायचं. एक बाळंतपणाच्या वॉर्डात दहा वर्षं काम केलेली सिस्टर आहे. तिनं शांतपणे सांगितलं, "मॅडम, चित्रात उभी नळी डाव्या हाताला आहे. म्हणजे ट्यूब डावीकडं गेली. मग उजवीकडं हवा नाही."

तिचा तर्क अगदी बरोबर होता. तिला रचना समजली होती, नळी उभ्या फांदीत जाते आणि दुसरी बाजू बंद पडते हेही समजलं होतं. शरीररचनेच्या चित्रात पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हे मला इतकं सवयीचं झालंय की मी ते लिहिलंच नव्हतं. मजकूर "उजवी" म्हणत होता, चित्र बघणारीला ती "डावी" दिसत होती, आणि बहुतेकींनी मजकुरापेक्षा चित्रावर भरवसा ठेवला. माझ्या खुलाशातही पुन्हा तेच वाक्य होतं आणि तेच चित्र. गंमत म्हणजे वॉर्डात हीच सिस्टर पेशंटच्या समोर उभी राहून उजवा हात मागताना कधी चुकणार नाही. सलाइन कुठल्या हाताला आहे ते तिला झोपेतही सांगता येईल. फोनच्या स्क्रीनवर मात्र पेशंट नव्हता, नुसती उलट्या वाय आकाराची नळी होती.

म्हणून चित्र बदललं. नुसत्या नळीऐवजी चेहरा, खांदे आणि दोन्ही हात काढले. उजव्या हाताला सलाइन लावलं आणि त्यावर "पेशंटचा उजवा हात" असं लिहिलं. उभी श्वसनी त्या बाजूला. चित्राखाली एक बिनगुणांचा प्रश्न टाकला : सलाइन असलेला हात तुमच्या स्क्रीनवर कोणत्या बाजूला दिसतो? उत्तर आलं की एक ओळ : यापुढे उजवं-डावं म्हणजे पेशंटचं. चुकीच्या उत्तरांचे खुलासेही वेगळे केले. "उजवी" निवडणारीला आधी सलाइनच्या हाताकडे परत बघायला लावलं. "दोन्ही" निवडणारीला सांगितलं की नळी बंद पडणं आणि नळी सरकणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पोटावरचा आवाज म्हणजे नळी अन्ननलिकेत, तो प्रसंगच निराळा.

नवी प्रत तपासणीसाठी मिरजेतल्या एका फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेली. संस्थेला विषयतज्ज्ञाची सही लागते. प्रिंटचे ३६ रुपये, आणि मानधन ते घेत नाहीत म्हणून १२० रुपयांचा भडंग. पहिल्या दोन खेपा ते ओपीडीत अडकलेले, तिसऱ्या खेपेला ४ ऑगस्टला पंचवीस मिनिटं मिळाली. त्यांनी सगळं भराभर वाचलं आणि पाचव्या प्रश्नावर पेन टेकवलं. त्यात तीन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला होता आणि उत्तर "उजवीकडे" असं होतं. ते म्हणाले, "मोठ्या माणसाचा ठेवा. लहान मुलांत दोन्ही फांद्यांच्या कोनात एवढा फरक नसतो. डावीकडे अडकलेले शेंगदाणे मी काढलेत." मुलाच्या जागी पन्नाशीचा माणूस आणि शेंगदाण्याच्या जागी सुटलेला दात आला. सही मिळाली. इथवरचा सगळा खर्च ९९५ रुपये, आणि त्यातला निम्मा त्या माइकचा.

१० ऑगस्टला दुसरी खेप. त्याच मुली असल्यानं जुना प्रश्न ठेवण्यात अर्थ नव्हता, उत्तर पाठ झालेलं असणार. म्हणून नळीच्या प्रश्नाऐवजी सक्शनचा कॅथेटर घेतला : तो खोल सरकवला तर आधी कोणत्या श्वसनीत जाईल, आणि त्यामुळे कोणत्या बाजूचा कफ मागे राहण्याची शक्यता जास्त? २८ जणींनी भरला, २३ जणींचं बरोबर आलं. वरच्या आठांत आठही, खालच्या आठांत चार. आता प्रश्न निदान हुशार आणि कच्च्या यांच्यात फरक तरी करत होता. अर्थात विषय दुसऱ्यांदा समोर आला होता आणि फोनवर चर्चाही झाली होती, तेव्हा सगळं श्रेय चित्रातल्या सलाइनला देता येणार नाही. नव्या तुकडीनं पहिल्यांदा भरल्यावरच ते कळेल.

वेळेचा अंदाजही त्याच खेपेत पक्का झाला. मी एकवीस मिनिटं धरली होती. सुरुवातीला आणि शेवटी लागलेली घड्याळाची वेळ लिहायला सांगितलं, तेव्हा सलग करणाऱ्यांना साधारण बावीस लागली. तुकड्यातुकड्यानं करणाऱ्या काही जणींनी तीन दिवस घेतले. दोघींचं अर्ध्यात बंद झालेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हा एका फॉर्मचे तीन फॉर्म केले, प्रत्येक तुकड्याला वेगळी लिंक. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, कारण बेल वाजते म्हणूनच तर तुकडे केले होते.

२२ ऑगस्टला अंतिम प्रत कार्यालयात जमा केली : तिन्ही लिंक, चित्रांबद्दलचं लेखी निवेदन, डॉक्टरांच्या सहीचा कागद आणि तो चौकोन-बाणांचा नकाशा. आवक क्रमांक मागून घेतला. नकाशा कशाला, असं क्लार्क साहेबांनी विचारलं. पुढच्या वर्षी मी नसले तर दुसरीला यात कुठली वाट कुठे जाते ते कळणार नाही, म्हणून तो फाइलला लागलाच पाहिजे असं सांगितलं.

सातवा प्रश्न अजून नीट लागलेला नाही. पाठीवर आडव्या झोपलेल्या पेशंटला भरवताना घास श्वासनलिकेत गेला, तर तो फुप्फुसाच्या कोणत्या भागात? झोपलेल्या माणसात खालच्या खंडाचा वरचा भाग आणि वरच्या खंडाचा मागचा भाग सगळ्यात खाली येतात, म्हणून तिथं. बसलेल्या माणसात मात्र घास खालच्या खंडाच्या तळाशी जातो. निम्म्याहून जास्त जणी दोन्ही वेळा "तळाशी" असंच लिहितात. या वेळी मी आधी चित्राकडेच बघितलं. माझं चित्र उभ्या माणसाचं आहे. कॉट आडवी काढायला घेतलीय, उशीसकट.